लहान मंडळीच्या संडे स्कूलचं वर्षभराचं नियोजन: सणांचे काळ आणि मधले साधे रविवार

प्रश्न: ख्रिस्तात सलाम. आमची मंडळी पुण्यात, जेमतेम चाळीस कुटुंबांची. संडे स्कूलला चार ते पंधरा वयाची सोळा-सतरा मुलं येतात आणि आम्ही तिघं शिकवतो. नाताळ, लेंट, ईस्टर आलं की काय शिकवायचं ते कळतं, पण बाकीचे महिने ज्याला जे सुचेल ते शिकवलं जातं. पाळकसाहेबांनी येत्या ॲडव्हेंटपासून वर्षभराचं नियोजन मागितलं आहे. सणांचे काळ आणि मधले साधे रविवार यांची सांगड कशी घालायची?

उत्तर:

सलाम. तुमच्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे. सणांच्या वेळी काय शिकवायचं ते कळतं, म्हणजे सण सांभाळले जातातच. त्यामुळे नियोजनाला ॲडव्हेंटपासून बसू नका. आधी जून ते नोव्हेंबर हा लांब पट्टा पक्का करा आणि मग सणांकडे या. बहुतेक मंडळ्यांमध्ये उलटं होतं. ऑक्टोबरच्या बैठकीत दीड तास नाताळच्या नाटकावर जातो आणि शेवटच्या दहा मिनिटांत "जूननंतरचं बघू पुढे" असं ठरतं. मुलांना शास्त्रातली गोष्ट सलग ऐकायला मिळण्याची वर्षातली एकमेव जागा तिथेच हातची जाते.

आधी तारखा मांडून घेऊ. येता ॲडव्हेंट २९ नोव्हेंबर २०२६ ला सुरू होतो. नाताळ शुक्रवारी आहे. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी २०२७, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, उत्तम शुक्रवार २६ मार्च आणि ईस्टर २८ मार्च. पेंटेकॉस्ट १६ मे आणि त्रैक्य रविवार २३ मे. त्यानंतर ३० मेपासून १४ नोव्हेंबरपर्यंत पंचवीस साधे रविवार येतात, २१ नोव्हेंबरला ख्रिस्तराजाचा रविवार आणि २८ नोव्हेंबरला पुन्हा नवा ॲडव्हेंट. म्हणजे बावन्न रविवारांपैकी जवळजवळ निम्मे एकाच सलग पट्ट्यात आहेत. जानेवारीतले दोन-तीन साधे रविवार वेगळे.

बऱ्याच मंडळ्या तीन वर्षांच्या चक्राचं सामाईक पाठपत्रक वापरतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेलं हे पत्रक अ, ब, क अशा वर्षांनी फिरतं. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत वाटलेला. येता ॲडव्हेंट ब वर्षाचा, म्हणजे मार्कचा. तुमच्या मंडळीचं स्वतःचं पाठपत्रक असेल तर अर्थात तेच धरा. मुलांनी वर्गात ऐकलेलं आणि आईवडिलांनी उपासनेत ऐकलेलं शक्य तितकं जुळलं, तर दुपारी जेवताना घरात त्यावर बोलणं होतं. पुढे मी जे पाठ सांगतो ते सामाईक पत्रकातले आहेत. पेंटेकॉस्टनंतर त्यात जुन्या कराराचे दोन पर्याय असतात. एकात दर आठवड्याचा पाठ शुभवर्तमानाशी जुळवलेला असतो आणि दुसऱ्यात एकच कथा आठवड्यामागून आठवडे पुढे सरकते. मुलांसाठी दुसरा घ्या. पाळकसाहेब उपासनेसाठी कोणता घेणार आहेत, ते मात्र आत्ताच विचारून ठेवा.

आता पुण्याचं घड्याळ. मंडळीचं वर्ष ॲडव्हेंटला सुरू होतं, पण मुलांचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं. शाळा सुटल्या की मे महिन्यात निम्मी मुलं अहिल्यानगरला, जालन्याला, सोलापूरला आजोळी जातात आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात परततात. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बरोबर लेंटमध्ये. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गणपती, ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीची सुट्टी. पाठपत्रकाला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून ते जसंच्या तसं वर्गात नेलं की गोष्ट नेमकी जिथे रंगते तिथे मुलं गावाला असतात.

ब वर्षाच्या साध्या रविवारांत शमुवेल, दावीद आणि शलमोन यांची सलग कथा येते. मुलांना शिकवायला यापेक्षा चांगली दीर्घ कथा संपूर्ण पाठपत्रकात क्वचितच सापडेल. पण पत्रकात ती ३० मेला सुरू होते. त्या दिवशी 'शमुवेला, शमुवेला' ही हाक आहे आणि ६ जूनला लोक राजा मागतात. दोन्ही रविवारी तुमच्याकडे पाच-सहा मुलं असतील. म्हणजे बाकीच्यांना दावीद भेटेल, पण शमुवेल कोण, राजा का हवा होता, हे त्यांना ठाऊकच नसेल. तेव्हा कथा १३ जूनला सुरू करा. पाठपत्रकाच्या दोन आठवडे मागून निघायचं आणि १ ऑगस्टला त्याला गाठायचं.

ते असं जमतं. १३ जूनला शमुवेलाला हाक (१ शमुवेल ३). २० जूनला लोकांची राजाची मागणी (१ शमुवेल ८), त्यातच शौल राजा झाला आणि पुढे बिनसलं, एवढं दोन वाक्यांत. २७ जूनला इशायाच्या घरी धाकट्या मुलाचा अभिषेक (१ शमुवेल १६). ४ जुलैला गल्याथ. ११ जुलैला दावीद आणि योनाथान. इथे पत्रकात योनाथानाच्या मृत्यूनंतरचा विलाप आहे, पण ज्या मैत्रीची ओळखच नाही तिचा विलाप मुलांना कळत नाही, म्हणून १ शमुवेल २० मधली बाणांची खूण आधी सांगा आणि विलापाने शेवट करा. १८ जुलैला यरुशलेम आणि कराराचा कोश, पत्रकातले दोन रविवार एकत्र करून. २५ जुलैला नाथानातर्फे देवाचं वचन (२ शमुवेल ७), दावीद देवाला घर बांधायला निघतो आणि देव म्हणतो, मीच तुझं घराणं उभारीन. हा पाठ वगळू नका, कारण डिसेंबरमध्ये तारणारा 'दाविदाच्या गावी' का जन्मतो ते याच्याशिवाय समजत नाही. १ ऑगस्टला दाविदाचं पाप आणि नाथानाचा दृष्टांत. इथे तुम्ही पाठपत्रकाला गाठलंत. ८ ऑगस्टला अबशालोम, आणि १५ ऑगस्टला शलमोन.

या वर्षी १५ ऑगस्ट रविवारीच आहे आणि पत्रकात त्या दिवशी १ राजे ३ येतं. नवा राजा दीर्घायुष्य किंवा धन न मागता प्रजेचा न्याय करण्यासाठी समजूतदार मन मागतो. स्वातंत्र्यदिनाला वेगळा विषय शोधायची गरजच उरत नाही. झेंडावंदन करून मुलं येतील, वर्ग थोडा उशिरा सुरू होईल, तर पाठ वीस मिनिटांचाच ठेवा आणि शेवटी मोठ्या मुलांकडून देश चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना लिहून घ्या. उपासनेत ती वाचता आली तर उत्तम.

जूनच्या शेवटी पालख्या पुण्यात येतात. तुमचं चर्च त्यांच्या वाटेवर असेल, म्हणजे दापोडी-बोपोडीकडून खडकी-वाकडेवाडीपर्यंत किंवा हडपसरच्या बाजूला, तर त्या दिवशी रस्ते बंद असतील. तारीख दरवर्षी हलते. आळंदी-देहूहून प्रस्थान कधी आहे ते पाहून त्या आठवड्याच्या रविवारावर पेन्सिलीने खूण करा. नेमका तोच रविवार गेला, तर एक पाठ पुढे ढकलायला जागा हवी. माझ्या हिशोबात ती जागा ८ ऑगस्ट आहे. अबशालोमाची गोष्ट लहानांसाठी सोडता येते. गल्याथ आणि नाथान सोडता येत नाहीत.

आता १ ऑगस्टचा पाठ जरा जवळून बघू, कारण अशाच ठिकाणी नियोजन कागदावर राहतं आणि शिक्षक ऐन वेळी विषय बदलतात. सोळा मुलं, चार ते पंधरा वयाची, आणि विषय बथशेबाचा. बरेचसे शिक्षक घाबरून त्या दिवशी एखादी सोपी गोष्ट घेतात. पण २ शमुवेल १२ मध्ये नाथानानेच वाट करून दिली आहे. तो राजासमोर जाऊन आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती. गरिबाकडे एकच कोकरी. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने आपली मेंढरं सोडून गरिबाची कोकरी कापली. नऊ वर्षांखालच्या मुलांना फक्त एवढंच सांगा, आणि त्याआधी एक वाक्य: "दाविदाने एका माणसाकडून त्याचं सगळ्यात प्रिय असलेलं हिरावून घेतलं होतं आणि ते लपवलं होतं." मग थांबा आणि विचारा, राजा काय म्हणाला असेल? मुलं चिडतात, शिक्षा सुचवतात. दावीदही तसाच चिडला होता. तेव्हा नाथानाचं वाक्य सांगायचं: "तो मनुष्य तूच आहेस." यानंतर काहीही समजावू नका, चार-पाच क्षण गप्प बसा. लहानांचा पाठ इथे संपला.

मोठ्यांना अध्याय स्वतः वाचू द्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना उरियाचं काय झालं हे कळतं, आणि ते झाकल्याचं त्यांना अधिक खटकतं. त्यांना एकच प्रश्न द्या: नाथानाने सरळ का नाही सांगितलं? उत्तरं चांगली येतात. राजा त्याला मारून टाकेल म्हणून. आधी राजाने स्वतःच्या तोंडाने न्याय करावा म्हणून. मग एक्कावन्नावं स्तोत्र उघडायचं, त्यातली पहिली चार-पाच वचनं सगळ्यांनी मिळून वाचायची. एकच पाठ, एकच वेळ, आणि दोन वयोगटांना दोन खोल्या. तुमच्याकडे दुसरी खोली नसेल तर गोष्ट सगळ्यांना एकत्र सांगा आणि मग लहानांना चित्रासाठी वरांड्यात न्या. दोन वेगळे विषय ठेवू नका. एका घरातली दोन भावंडं परत जाताना एकाच गोष्टीवर बोलली पाहिजेत.

याच दिवसांत एक अडचण उपासनेतून येईल, ती आधीच सांगतो. मार्क सगळ्यात लहान शुभवर्तमान असल्यामुळे ब वर्षात मधली जागा योहानाच्या सहाव्या अध्यायाने भरली आहे. २५ जुलै ते २२ ऑगस्ट असे ओळीने पाच रविवार 'जीवनाची भाकर' हाच विषय येतो. मोठ्यांना प्रवचनात ते झेपतं, पण वर्गात तिसऱ्या रविवारी मुलं म्हणतात, "हे झालंय." म्हणून वर्गात योहान सहा फक्त एकदाच घ्या. २२ ऑगस्टला पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट सांगा आणि मोठ्यांना त्यापुढचं "मी जीवनाची भाकर आहे" हे वचन द्या. पत्रकात त्या दिवशी शलमोनाच्या मंदिराची प्रार्थना आहे, ती मुलांसाठी जड आहे, खुशाल सोडा. त्या रविवारी उपासनेत प्रभुभोजन असेल तर मोठी मुलं प्रवचन वेगळ्या कानाने ऐकतील. २९ ऑगस्ट पुनरावृत्तीला ठेवा. जूनपासूनची गोष्ट मुलांनीच सांगायची, शिक्षकाने फक्त "मग?" विचारायचं.

गणपतीच्या काळात, ५ आणि १२ सप्टेंबरला, सलग काही ठेवू नका. पेठांमध्ये, कॅम्पाच्या काही भागांत रस्ते बंद असतात, शाळांना सुट्टी असते, शेजारी आणि मित्रांकडे मुलांचं जाणं-येणं असतं. कोणीही एका आठवड्याला येऊन दुसऱ्या आठवड्याला न आलं तरी बिघडू नये असे सुटे पाठ घ्या. नीतिसूत्रांतली चार-पाच वचनं एका रविवारी, आणि मार्क ७ मधला बहिरा-तोतरा मनुष्य दुसऱ्या रविवारी, हे पुरेसं आहे. शेजाऱ्यांच्या सणाबद्दल मुलं प्रश्न विचारतात. त्याची उत्तरं द्यावीत, पण त्या प्रश्नांवर पाठ बेतू नये, असं माझं मत आहे. वर्गात कोणाच्याही सणाविरुद्ध बोलणं मुलाला शेजाऱ्यापासून तोडतं आणि शुभवर्तमानाच्या जवळही नेत नाही.

गणपतीनंतर दिवाळीपर्यंत बरोबर सहा रविवार मिळतात: १९ आणि २६ सप्टेंबर, आणि ऑक्टोबरचे ३, १०, १७, २४. या सहांमध्ये पाठपत्रकात मार्कचा नववा-दहावा अध्याय जवळजवळ सलग येतो आणि तो आपोआपच एक प्रवास आहे, येशू शिष्यांना घेऊन यरुशलेमकडे चालला आहे. सगळ्यांत मोठा कोण या वादात तो बालकाला मध्ये उभं करतो. पुढच्या आठवड्यात आपल्यातला नसलेला एक मनुष्य येशूच्या नावाने भुतं काढतो म्हणून शिष्य तक्रार करतात. मग बालकांना आशीर्वाद, धनवान तरुण, उजव्या-डाव्या बाजूला बसायला मागणारे याकोब आणि योहान, आणि शेवटी यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय. भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावा आणि दर रविवारी त्यावर एक टप्पा काढा, गालीलापासून यरीहोपर्यंत. पट्टीवर पुढे यरुशलेमपर्यंत मोकळी जागा सोडा, पण ती भरू नका. ती झावळ्यांच्या रविवारी भरायची. मुलं फेब्रुवारीपासूनच विचारायला लागतील.

दिवाळीच्या सुट्टीत ३१ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर येतात. पत्रकात तिथे रूथची दोन भागांची गोष्ट आहे, जिचा अर्धा भाग सुट्टीत हरवेल. रूथ तिथून उचला आणि तुमच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या दिवशी एकाच पाठात सांगा. बवाजाच्या शेतातली सरवा वेचणारी रूथ कापणीच्या सणाला जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीच गोष्ट नाही. सुट्टीतल्या दोन रविवारी मार्क १२ मधली सर्वांत मोठी आज्ञा आणि विधवेची दोन नाणी घ्या. दोन्ही गोष्टी सुट्या चालतात. १४ नोव्हेंबरला मुलं परत येतात आणि योगायोग असा की पत्रकात त्या दिवशी हन्नेची प्रार्थना आहे, म्हणजे शमुवेलाच्या जन्माची गोष्ट. जूनमध्ये ज्याला हाक आली तो मुलगा देवळात आला कसा, हे वर्षाच्या शेवटी उलगडतं. त्यात तो दिवस बालदिनाचा.

आता सणांचे काळ. तिथे तुम्हाला फार शिकवायचं नाही, बरंच काढून टाकायचं आहे.

ॲडव्हेंटमध्ये खरी अडचण तालमीची असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्गाची वेळ नाटक आणि कॅरलच्या सरावात जाते आणि चार रविवारांपैकी एकही पाठ होत नाही. तालीम वर्गानंतर ठेवा, किंवा शनिवारी. ते जमत नसेल तर तालमीआधी पंधरा मिनिटं ठरवूनच घ्या. ब वर्षात ॲडव्हेंटचा दुसरा आणि तिसरा रविवार दोन्ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आहेत, तेव्हा वर्गात योहान एकदाच घेऊन एक रविवार वाचवा. लक्षात असू द्या की मार्कात गव्हाणीही नाही आणि तारा पाहणारे मागीही नाहीत, तो थेट यार्देनेच्या काठी सुरू होतो. जन्माची गोष्ट लूक आणि मत्तयावरूनच येणार. मागी लोकांना मात्र नाताळच्या नाटकातून बाहेर काढा. मेंढपाळ, मागी, देवदूत सगळे एकाच दृश्यात आणले की ३ जानेवारीला शिकवायला काही उरत नाही. एपिफनी ६ जानेवारीला बुधवारी आहे, म्हणून ३ तारखेला मत्तय २ घ्या, आणि मोठ्यांना हेरोदाचा भागही सांगा. १० जानेवारीला येशूचा बाप्तिस्मा. पुढचे तीन रविवार मार्क १ मधल्या शिष्यांच्या पाचारणाला आणि कफर्णहूमातल्या दिवसाला. ७ फेब्रुवारीला रूपांतर.

लेंटसाठी ब वर्षात फार सुंदर सोय आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाच रविवारांचे जुन्या करारातले पाठ ओळीने लावले की देवाने माणसांशी केलेल्या करारांची मालिका दिसते. १४ फेब्रुवारीला नोहा आणि मेघधनुष्य, २१ ला अब्राहामाला नवं नाव, २८ ला सीनायवरच्या दहा आज्ञा, ७ मार्चला अरण्यातला पितळेचा साप, आणि १४ मार्चला यिर्मया ३१ मधला हृदयावर लिहिला जाणारा नवा करार. चौथा पाठ काटेकोरपणे करार नाही, तिथे लोकांनी केलेली कुरकुर आणि देवाने दिलेली सुटका आहे, आणि त्याच दिवशी योहान ३ मध्ये येशू त्या सापाचा दाखला देतो. दर आठवड्याला एक खूण फळ्याशेजारी टांगा: धनुष्य, तारे, दोन पाट्या, काठीवरचा साप, हृदय. प्रभुभोजनाच्या वेळी "हा माझ्या रक्तातला नवा करार" हे शब्द मुलांनी कितीतरी वेळा ऐकलेले असतात. या पाच आठवड्यांनंतर ते पवित्र गुरुवारी त्यांना ओळखीचे वाटतील. दहावी-बारावीची मुलं या काळात येणार नाहीत, त्यांना बोलावून अपराधी वाटायला लावू नका. त्यांच्यासाठी दर आठवड्याला चार ओळींचा एक मेसेज पुरे: खूण, वचन, एक प्रश्न.

झावळ्यांच्या रविवारी भिंतीवरची पट्टी पूर्ण करा. ही पट्टी पहिल्या वर्षी तुमच्याकडे नसेल, कारण मार्कचा प्रवास नंतर सप्टेंबरमध्ये आहे. तेव्हा २०२७ च्या मार्चमध्ये मिरवणूक आणि पुनरुत्थान हे सरळ शिकवा, आणि सप्टेंबरमधली पट्टी जपून २०२८ च्या झावळ्यांच्या रविवारासाठी ठेवा.

ईस्टरनंतरचे सात आठवडे सहसा गळतात, कारण ईस्टर झाला की शिक्षकही दमलेले असतात. ४ एप्रिलला थोमा, तो दरवर्षी याच रविवारी येतो. १८ ला उत्तम मेंढपाळ. २५ एप्रिलसाठी एक खास सूचना. पाठ आहे प्रेषितांची कृत्ये ८ मधला, रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी आणि त्याला "आपण जे वाचता ते आपल्याला समजते काय?" असं विचारणारा फिलिप्प. पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्याचं मराठी भाषांतर त्यांनी केलं, आणि त्यांचं मुक्ती मिशन आपल्याच जिल्ह्यात केडगावला आहे. हे दोन्ही एका पाठात शेजारी ठेवा. शक्य असल्यास एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी मोठ्या मुलांना केडगावला नेऊन आणा.

पेंटेकॉस्ट १६ मेला, ऐन सुट्टीत आहे. तो वाचवायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: व्ही.बी.एस. १० ते १५ मेला ठेवायचं आणि त्याचा समारोप रविवारी १६ ला उपासनेत करायचा. सुट्टीत शहरात राहिलेली मुलं आणि त्यांचे शेजारचे मित्र येतातच. तयार साहित्य विकत आणत असाल तर त्याचा विषय वेगळा असेल, तो पाच दिवस तसाच चालू द्या आणि शनिवार मात्र कृत्ये २ साठी राखा. मुलांकडून रविवारी एकच वचन मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड, तेलुगू, ज्या घरात जी भाषा असेल त्यात वाचून घ्या. पुण्याच्या मंडळीत एवढ्या भाषा नक्की निघतात. २३ मे ते ६ जून वर्ग ठेवू नका, किंवा आलेल्या मुलांबरोबर गाणी शिका. ना. वा. टिळकांची दोन भजनं तीन रविवारांत पाठ होतात. त्या सुट्टीचा शिक्षकांना जूनच्या तयारीसाठी उपयोग होतो.

शेवटी तिघा शिक्षकांची वाटणी. आठवड्याआड पाळी लावू नका. लहान मंडळीत धागा तुटतो तो इथेच. प्रत्येक जण आपल्या पाळीला नवा विषय घेऊन येतो. एका गटाला एक शिक्षक सलग द्या: जून-ऑगस्टचा दावीद एकाकडे, सप्टेंबर-ऑक्टोबरचा मार्क दुसऱ्याकडे, लेंट आणि ईस्टर तिसऱ्याकडे. उरलेले दोघे त्या काळात मदतीला. वर्गात एक वही ठेवा. तिच्यात दर रविवारी तीनच गोष्टी लिहायच्या: कोणती मुलं होती, गोष्ट कुठे थांबली, मुलांनी कोणता प्रश्न विचारला. पाठांतराचं वचनही गटाला एकच ठेवा, आठवड्याला एक नको. दावीदासाठी १ शमुवेल १६:७ पुरेसं आहे: मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

नियोजन चालतंय की नाही हे ओळखायचं तर वर्गाच्या सुरुवातीला विचारा, "गेल्या वेळी गोष्ट कुठे थांबली होती?" दोन मुलांनी जरी सांगितलं तरी धागा टिकला आहे. तीन रविवार कोणालाच सांगता आलं नाही, तर पाठ फार लांब झालेत किंवा शिक्षक बदलत आहेत, बहुधा दुसरंच. हजेरीही पाहा. एखाद्या गटाच्या मध्येच दोनपेक्षा जास्त रविवार निम्मी मुलं नसतील, तर त्या महिन्यात शहरात काय असतं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी गट तिथे तोडायचा.

हे सगळं एका मोठ्या कागदावर बावन्न ओळींत मांडा. सणांच्या ओळींना मंडळीतले रंग द्या: जांभळा, पांढरा, लाल, आणि साध्या रविवारांना हिरवा. पंच कमिटीला आणि पाळकसाहेबांना ऑक्टोबरमध्येच एकेक प्रत द्या, म्हणजे कोणी त्या रविवारी सहल किंवा स्नेहभोजन ठरवणार नाही. आणि वही फेकू नका, कारण २०२७ चा ॲडव्हेंट क वर्षाचा, लूकचा. त्या वर्षी साध्या रविवारांत एलीया येतो, म्हणजे शलमोनाच्या पुढची गोष्ट. पण २०२८ ला ईस्टर १६ एप्रिलला आहे, त्रैक्य रविवार ११ जूनला जातो, आणि पत्रकातले एलीयाचे पहिले दोन पाठ, सारफथची विधवा आणि कर्मेल डोंगर, त्या वर्षी वाचलेच जात नाहीत. ते तुम्हाला स्वतःहून घालावे लागतील: १८ आणि २५ जून २०२८ ला तेच दोन घ्या, आणि नाबोथाचा मळा त्यानंतर.